घासून लख्ख केलेली एकशे चाळीस पानं

"खाली ठेव! ते पेन आधी खाली ठेव म्हणते ना! अरे, पाय कापायचाय त्या माणसाचा, आणि हा बसून त्याची नखं रंगवतोय!"

बाईंच्या त्या ओरडण्याने धारच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली आणि थेट धामनोदच्या ढाब्यांवर जाऊन बसली, असं मी आजही सांगतो. कोणी देवाची शपथ घ्यायला लावली तर फार तर धामनोदच्या जागी एखादं जवळचं गाव घालीन, पण कबुतरं उडाली हे कायम.

माणूस म्हणजे माझं पुस्तक. बाईंच्या धारच्या घरात, बैठकीच्या फरशीवर, ते पाचशे पानांचं कलेवर प्रकरणाप्रकरणाने पसरून ठेवलेलं होतं. बाई चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात मला सत्ताविसाव्या पानावर एक स्वल्पविराम राहिलेला दिसला. तो मी हळूच घातला. बाईंना तो स्वयंपाकघरातून ऐकू आला.

बाई म्हणजे इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. कॉलेजात शिकवणं संपल्यावर त्यांनी पुण्याच्या प्रकाशकांसाठी हस्तलिखितं संपादित करायला घेतली. रडले नाहीत असे लेखक त्यांच्या घरून एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच बाहेर पडले असतील, आणि तेही वाटेत इंदूरच्या बसस्टँडवर रडले असणार. वय पंचाहत्तर, वजन एखाद्या ओल्या टॉवेलाइतकं, आणि आवाज असा की ट्रकवाल्याने भोंगा काढून घरी ठेवावा.

"इकडे आण," म्हणाल्या. मी पेन दिलं. त्यांनी ते डब्यात टाकलं, डब्याला झाकण लावलं, झाकणावर पितळी खल ठेवला. मग माझ्या हातात शिसपेन्सिल दिली. "आता प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला एक ओळ लिही. हा परिच्छेद काय सांगतो, एवढंच. चांगला आहे की वाईट, ते नको. काय सांगतो."

आता पुस्तक कशाचं ते सांगतो, नाहीतर तुम्हीही ओरडाल. देवासला आमची एक मराठी शाळा होती. बाळबोध, कौलारू, पुढे कडुलिंब. संस्थानी दिवसांत आलेल्या घराण्यांनी काढलेली. आमच्या तीन पिढ्या तिथे बेरीज-वजाबाकी शिकल्या, आणि काही तर नुसती वजाबाकीच शिकून निघाल्या. ती बंद पडून बरीच वर्षं झाली. मी हिंदी शाळेतला मास्तर. निवृत्त झालो आणि डोक्यात भूत शिरलं, की आपल्या शाळेचा इतिहास लिहायचा. मराठीतच लिहायचा. देवासात मराठी वाचू शकणारे आता एका रिक्षात मावतील, तरी लिहायचा.

पण माझं मराठी म्हणजे "भिया, जरा सरकून बसा ना" छापाचं. वाक्याचं तोंड मराठी, कंबर हिंदी आणि पाय माळव्याच्या काळ्या मातीत. म्हणून पहिला खर्डा होताच मी तो घेऊन गेलो आमच्या काकांकडे.

काका माझे चुलते आणि शाळेचे शेवटचे हेडमास्तर. चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांचं मराठी असं, की ते "पाणी द्या" म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याला सनद मिळाली. शाळेला कुलूप लागल्यापासून काका घरात नुसते बसून होते. सकाळी दाढी, मग देवीच्या टेकडीकडे तोंड करून खुर्ची, मग तीच खुर्ची. सून सांगायची, दोन-दोन दिवस बोलत नाहीत. बोलणार तरी कोणाशी? घरात हिंदी, फोनवर इंग्रजी, आणि टीव्हीवर तर कोणती भाषा ते टीव्हीलाही माहीत नाही.

मी त्यांच्या पुढ्यात पहिलं प्रकरण ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, भिंग काढलं, पहिलं वाक्य वाचलं आणि म्हणाले, "हे कोणी लिहिलं? एखाद्या शत्रूनं?"

सोळा महिने. मी मोजून सांगतो, सोळा महिने आम्ही ती पहिली चार प्रकरणं घासली. रोज दुपारी तीन ते पाच. घराण्यांची प्रकरणं होती ती: कोण कोकणातून आलं, कोण साताऱ्याकडून, कोणाला कोणत्या गावची वतनं, कोणाच्या घरी गणपती उजव्या सोंडेचा. काका एकेक वाक्य उचलायचे, उन्हात धरायचे, उलटं करायचे, त्यातली हिंदी चिमट्याने उपटायचे. एका वाक्यावर आम्ही पाच दिवस होतो. सहाव्या दिवशी ते वाक्य इतकं सुंदर झालं की मला त्याच्यापुढे उभं राहायची लाज वाटू लागली.

आणि काका? काका जेवू लागले. सून दारातच मला गाठून म्हणाली, "भाईसाहेब, तुम्ही येता ना, तर बाबा टाइमवर जेवतात. काल तर मला डांटलं पण. भोत दिवसांनी डांटलं." तिचे डोळे भरून आले होते. सासऱ्याने रागावल्यावर आनंदाने रडणारी सून मी देवासातच पाहिली.

अशी एकशे चाळीस पानं आरशासारखी झाली. उरलेली तीनशे साठ तशीच, कच्ची. काका म्हणाले, "आता एखाद्या जाणत्याला दाखव." म्हणून मी दोन बस बदलून धारला बाईंकडे आलो होतो. फक्त शाबासकी घ्यायला, दुसरं काही नाही.

तर दुपारी चारपर्यंत मी समासात ओळी लिहीत होतो. मग बाई म्हणाल्या, "वाच. नुसत्या समासातल्या ओळी."

मी वाचू लागलो. "एक घराणं कुठून आलं. त्यांना काय मिळालं. दुसरं घराणं कुठून आलं. त्यांना काय मिळालं. तिसरं घराणं..."

"पुढे."

"चौथं घराणं कुठून आलं."

"पुढे."

"पाचव्या घराण्याला काही मिळालं नाही."

"हं. हे तरी वेगळं आहे." बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "शाळेवरचं पुस्तक ना हे? घंटा कितव्या पानावर वाजते?"

मी शोधलं. "एकशे एक्केचाळीस."

"म्हणजे एकशे चाळीस पानं मूल नाही, मास्तर नाही, फळा नाही. आणि वाक्यं बघ मेल्या कशी आहेत! अशी वाक्यं मी गेल्या तीस वर्षांत वाचली नाहीत. कोणाची?"

मी सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. बाई गप्प बसल्या हे मी धारमध्ये कोणाला सांगितलं तर लोक मला उपचारासाठी नेतील.

मग म्हणाल्या, "ऐक. खर्डे एकामागून एक करायचे असतात ते याच्यासाठी. आधी पुस्तक बघायचं: काय आहे, काय नाही, काय कुठे हवं. मग एकेक प्रकरण. मग परिच्छेद कशामागून कसा येतो ते. हे सगळं हलायचं थांबलं की वाक्य. वाक्य ठरलं की शब्द, आणि अगदी शेवटी ते तुझे स्वल्पविराम. उलटं केलंस तर नुसता वेळ जात नाही. जे फेकायचं तेच इतकं देखणं होऊन बसतं की फेकायला हात धजत नाही."

"पण बाई, भाषा आधी नीट केली तर..."

"तर काय? उतारा कुठे जाणार हे ठरल्याशिवाय त्याचं पहिलं वाक्य कसं ठरणार? मागे काय आहे त्यावर ते ठरतं ना? जागा बदलली की परत घासा. आणि उताराच गेला तर कोणाच्या नावानं रडणार?"

मग त्यांनी मला सातवं आणि आठवं प्रकरण शेजारी-शेजारी ठेवायला लावली. त्यांचं बोट थांबलं ते दोन्हींच्या मधल्या मोकळ्या फरशीवर.

"सातव्याच्या शेवटी शाळेत मुलं आहेत. वर्ग भरलेत, स्नेहसंमेलन झालंय, तू स्वतः त्यात झाड झालायस."

"दुसरं झाड. पहिलं झाड वेगळं होतं."

"आठव्याच्या सुरुवातीला शाळेला कुलूप आहे. मध्ये काय झालं?"

"आहे ना बाई, लिहिलंय." मी ओळ काढून दाखवली. तेवढी एक ओळ काकांनी मुद्दाम पुढचं पान मागवून आधीच नीट करून दिली होती. 'काळाच्या ओघात विद्येचा हा दीप मंद होत गेला.' एकोणीस वेळा बदलली होती. मला तोंडपाठ होती.

बाईंनी ती दोनदा वाचली. "सुंदर आहे. काळाला ओघ असतो, मान्य. पण कुलूप हातानं लागतं. कोणाच्या?"

मी छताकडे पाहिलं.

कारण मला ठाऊक होतं. अख्ख्या देवासला ठाऊक होतं, टेकडीवरच्या माकडांपर्यंत. एका जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, हेडमास्तरांनी, म्हणजे काकांनीच, स्वतःच्या नातवाचं नाव रस्त्यापलीकडच्या इंग्रजी शाळेत घातलं. स्वतः बोट धरून सोडायला गेले. इकडे फाटकाशी पालक मुलांना घेऊन उभे होते, त्यांनी ते पाहिलं. त्यातले निम्मे तिथूनच रस्ता ओलांडून गेले. दोन-तीन वर्षांत शाळा रिकामी. यावर देवासात कोणी कधी काकांना एक शब्द बोललं नाही. आमच्यात असंच असतं. आम्ही माणसाला तोंडावर काही बोलत नाही, फक्त आयुष्यभर त्याच्याकडे जरा जास्त अदबीने पाहतो.

मी हे बाईंना सांगितलं. सांगताना मी सवयीप्रमाणे ते थोडं वाढवलंही. पालकांच्या जागी अख्खी मिरवणूक केली. बाईंनी मिरवणूक काढून टाकली आणि म्हणाल्या, "हे तुझं पुस्तक आहे. बाकीचं सगळं याच्या अलीकडे किंवा पलीकडे. जा, त्यांना विचार. ते स्वतः सांगत असतील तरच लिही. नाहीतर पुस्तक नाही. घराण्यांच्या नोंदीचं चोपडं आहे."

दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीनला मी काकांकडे गेलो. त्यांनी भिंग तयार ठेवलं होतं, पाचव्या प्रकरणासाठी. मी म्हणालो, "काका, आज वाक्यं नकोत." ते भिंग पुसत राहिले. मी विचारलं.

काका फार वेळ टेकडीकडे बघत होते. वर देवीला कोणीतरी ढोल वाजवत नवस फेडत होतं. मग ते बोलले, आणि देवाशप्पथ, त्या दिवशी काकांच्या मराठीत एकही अलंकार नव्हता.

"मुलगा म्हणाला, बाबा, तुमच्या शाळेत घातलं तर हा इथेच राहील. मला वाटलं, खरं आहे. मी फॉर्म भरला. मीच सही केली. मला वाटलं, एक मूल गेलं तर काय होतं. फाटकाशी लोक होते, ते मला दिसले होते. मी मान खाली घालून गेलो."

"आता नातू...?"

"बंगळुरात. चांगला आहे." थांबले. "मराठी वाचता येत नाही त्याला."

मी तेवढंच लिहून घेतलं. वही मिटली तेव्हा काका म्हणाले, "लिही. नावानिशी लिही. मी हरकत घेत नाही. पण एक कर. ती आपली चार प्रकरणं तशीच राहू देत. मग लोक म्हणतील, हा माणूस बुडवणाराही होता, पण लिहिणाराही होता. एवढं पुरे मला."

"राहतील काका," मी म्हणालो. "एक शब्द हलणार नाही."

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो आहे, आणि बहुतेक वेळा लोकांना मजा आली आहे. हे त्यातलं नव्हतं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

दुसरा खर्डा मी चार महिन्यांत केला. पुस्तक आता फाटकाशी सुरू होत होतं, त्या जूनमध्ये. मग मागे जात होतं. काकांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं घातलं होतं, आणि खरं सांगतो, पाचशे पानांत पहिल्यांदा काहीतरी जिवंत हललं. फक्त त्यानंतर घराण्यांची एकशे चाळीस पानं सोन्याच्या पालखीसारखी मध्येच रस्ता अडवून उभी होती. फाटकाशी उभा राहिलेला वाचक त्या पालखीखाली सापडून मरत होता.

मी ती पानं पुढे ठेवून पाहिली, मागे ठेवून पाहिली, परिशिष्टात ढकलून पाहिली. प्रत्येक ठिकाणी ती सुंदर दिसत होती आणि प्रत्येक ठिकाणी नको होती.

धारला बाईंनी खर्डा वाचला. या वेळी ओरडल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "फाटकापासून चांगलं झालंय. ही एकशे चाळीस पानं काढ. त्यातलं शाळेला जागा कोणी दिली आणि पैसा कोणी उभा केला, एवढं दीड पान ठेव."

"मी शब्द दिलाय बाई."

"कोणाला? म्हाताऱ्याला, की वाचकाला?"

"त्यांची सोळा महिन्यांची मेहनत आहे ती. त्यावर तो माणूस जगलाय."

"हो ना!" आता त्या ओरडल्या. "आणि ते कोणी केलं? मी? असा भाषेचा माणूस तुझ्या घरात, आणि तू त्याला कापायच्या पानांवर बसवलंस! त्याची पाळी शेवटी होती रे. अगदी शेवटी. पुस्तक उभं राहिलं की त्याच्या हातात द्यायचं, मग त्यानं घासलेलं एकेक वाक्य छापलं गेलं असतं. तू सोळा महिने आधी बोलावलंस त्याला. जेवण शिजायच्या आधी वाढप्याला!"

बाईंनी तो जाड गठ्ठा उचलून वेगळा ठेवला, आणि वरचं पान पुन्हा वाचू लागल्या. वाचता वाचता हसल्या. "काय वाक्य आहे रे," म्हणाल्या, आणि गठ्ठा पलंगाखाली सरकवला.

मी बंड केलं म्हणून सांगायला फार आवडलं असतं. त्यांच्या घराचं दार उखडलं, गठ्ठा छातीशी धरून हाटपिपल्याच्या नृसिंहाच्या देवळापर्यंत पळालो, असं. पण मी बसमध्ये बसलो आणि इंदूर यायच्या आतच मला कळलं की बाईंचं बरोबर आहे. तिथेच दीड पान लिहून काढलं. मांडीवर, पेन्सिलीने, वीस मिनिटांत. सोळा महिन्यांचं दीड पान. ते चांगलं झालं, ही सर्वांत वाईट गोष्ट.

काकांकडे मी जाईनासा झालो. तब्येत, पाहुणे, लग्नं, काहीही सांगायचो. तिसऱ्या खर्ड्यात परिच्छेद मागेपुढे केले, दोन ठिकाणी तीच गोष्ट आली होती ती एकदाच ठेवली, एका वर्षाचा घोळ होता तो जुन्या हजेरीपटावरून सोडवला. सून एकदा भाजीबाजारात भेटली. "बाबा तीन वाजता भिंग काढून बसतात," म्हणाली. "मी म्हटलं, भाईसाहेब बिझी असतील." तिने मला ओरडायला हवं होतं. तिने मला अर्धा किलो मटार घ्यायला लावले, स्वस्त होते म्हणून.

मग एके दिवशी बाईंचा फोन आला. "आता काही हलायचं नाही. आता भाषा. त्यांच्याकडे दे."

"मी कसा..."

"दे म्हणते ना. आता त्यांनी घातलेलं एकही चिन्ह वाया जाणार नाही. आता पाळी आहे त्यांची."

मी दिलं. दोनशे साठ पानं, स्वच्छ छापून, दोन्ही बाजूंना रुंद समास सोडून, शिसपेन्सिली टोक करून. काकांनी पहिलं पान उघडलं: फाटक, जून. दुसरं, तिसरं. मग ते अनुक्रमणिकेकडे वळले आणि बोट वरून खाली नेलं. बोट खाली पोचलं. परत वर नेलं. "आठ दिवसांनी ये," म्हणाले.

मी खोटारडा असलो तरी आशावादी आहे. शेवटच्या प्रकरणात मी मुद्दाम एक वाक्य वेडंवाकडं ठेवलं होतं. त्यात चार वेळा 'आणि' होतं, एक हिंदी क्रियापद होतं, कर्ता बसमधून उतरून गेला होता. पूर्वीचे काका असते तर त्या वाक्यासाठी त्यांनी मला उन्हात उभं केलं असतं. मला वाटलं, त्यांना राग येईल, पेन्सिल उचलतील, आणि मग सगळं पुन्हा सुरू होईल, तीन ते पाच.

आठव्या दिवशी गेलो. गठ्ठा दोरीने बांधून ठेवला होता. मी दोरी सोडली आणि पानं चाळली. सगळी वाचलेली होती; कोपरे दुमडून पुन्हा सरळ केलेले दिसत होते. समास कोरे. शेवटचं प्रकरण काढलं. ते वाक्य तसंच होतं, चारही 'आणि' जागच्या जागी. पेन्सिलींची टोकं मी करून दिली होती तशीच होती.

"काका," मी म्हटलं, "यात काही दुरुस्त करायचं नाही?"

काकांनी चष्मा घडी करून डबीत ठेवला.

"नाही," म्हणाले. "बरोबर आहे सगळं."